शुक्रवारी साडेतीन की रात्री दहा?

शुक्रवारी दुपारी सव्वाचारला मार्केट यार्डातले एक कांदा व्यापारी आरटीजीएसची स्लिप घेऊन काउंटरवर आले. साडेसहा लाख रुपये त्याच दिवशी पुढच्या पार्टीच्या खात्यात जायला हवे होते, नाहीतर शनिवारी सकाळी गाडी भरली जाणार नव्हती. आमच्या क्लार्कने सांगितलं की आजचं आरटीजीएस साडेतीनलाच बंद झालं. शेठ काही न बोलता वळले आणि त्यांनी भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं.

नोटीस मी लिहिलेली होती. ‘संगणक प्रणाली बदलण्याच्या कामामुळे शुक्रवार रात्री १० ते सोमवार सकाळी ८ पर्यंत बँकेच्या सर्व सेवा बंद राहतील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. जुना सर्व्हर रात्री दहालाच बंद होणार होता. पण शेठना सर्व्हरशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं काम दुपारी साडेतीनला अडणार होतं, आणि ती वेळ त्या कागदावर कुठेच नव्हती.

तालुक्याच्या गावातल्या अकरा शाखांच्या एका नागरी सहकारी बँकेतली ही गोष्ट आहे. त्यानंतर अशा आणखी काही बदलांच्या वेळी नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि दर वेळी मी त्या शुक्रवारपासूनच सुरुवात केली. ‘सेवा तात्पुरती बंद’ असे मेसेज आता सगळ्यांनाच येतात. त्यांच्यामागे काय काम चाललेलं असतं आणि त्यांतल्या वेळा कुठून येतात, ते कळलं की तो मेसेज कसा वाचायचा हेही कळतं.

या कामाला बँकेत ‘मायग्रेशन’ म्हणतात आणि जुन्यावरून नव्यावर जाण्याच्या त्या नेमक्या दीड-दोन दिवसांना ‘कटओव्हर’. खाती, शिल्लक, मुदत ठेवी, कर्जाचे हप्ते, साठलेलं व्याज, सह्यांचे नमुने, थांबवलेले चेक, हे सगळं जुन्या प्रणालीतून उचलायचं आणि नवीनमध्ये ठेवायचं. उचलताना मध्ये एकही व्यवहार होऊन चालत नाही. माप चालू असताना कुणी ढिगात धान्य ओतत राहिलं तर माप लागत नाही, तसंच हे. म्हणून आधी हिशेब थांबवायचा, मग मोजायचा, मग हलवायचा, आणि हलवल्यावर पुन्हा मोजायचा.

आमचं वेळापत्रक असं होतं. शुक्रवारी चारला काउंटर बंद, आठपर्यंत अकराही शाखांचा डे-एंड, दहाला जुनी प्रणाली बंद. दहा ते बारा बॅकअप. बारा ते पहाटे तीन माहिती बाहेर काढणं. शनिवारी पहाटे तीन ते सकाळी अकरा ती नवीन प्रणालीत भरणं. अकरापासून ताळमेळ. रविवारी सकाळी दहाला बैठक, पुढे जायचं की मागे फिरायचं हे ठरवायला. पुढे जायचं ठरलं तर संध्याकाळी सहापर्यंत एटीएम, यूपीआय, एसएमएस यांच्या जोडण्या तपासायच्या आणि काम संपवायचं. या वेळा अंदाजाने लिहिलेल्या नव्हत्या. त्याआधी दोनदा पूर्ण रंगीत तालीम केली होती. पहिल्या तालमीत माहिती भरायलाच चौदा तास लागले, दुसऱ्या वेळी आठ. वेळापत्रकात आठ लिहिले ते त्या दुसऱ्या तालमीच्या जोरावर.

आता साडेतीनचं कोडं. आमची बँक लहान, त्यामुळे आरटीजीएस एका मोठ्या बँकेमार्फत जायचं. पाठवलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली नाही, नाव-नंबर चुकला, खातं बंद निघालं, तर ती परत येते. परत आलेली रक्कम ग्राहकाच्या खात्यात टाकायला जुनी प्रणाली उघडी हवी आणि तीही डे-एंड सुरू व्हायच्या आत. म्हणून शेवटची स्लिप साडेतीनला. चेकचं तर त्याहून आधी. तेव्हा दुसऱ्या बँकेचा चेक वटायला दुसरा दिवस लागायचा. शुक्रवारी घेतलेला चेक वटेपर्यंत जुनी प्रणाली उरणारच नव्हती, म्हणून चेक भरायची शेवटची वेळ गुरुवारी दुपारी. बंद एकच, पण आरटीजीएसवाल्यासाठी तो शुक्रवारी साडेतीनला सुरू होत होता, चेकवाल्यासाठी गुरुवारी, आणि एटीएममधून पैसे काढणाऱ्यासाठी शुक्रवारी रात्री दहाला. मी तिघांना एकच वेळ सांगितली होती.

सुरुवातीची वेळ अशी चुकली, शेवटची मात्र बरोबर लिहिली गेली. काम रविवारी संध्याकाळी सहाला संपेल असं आमचं वेळापत्रक सांगत होतं, नोटिशीत लिहिलं होतं सोमवारी सकाळी ८. मधले चौदा तास संचालक मंडळातल्या काहींना खटकले. रविवारी संध्याकाळीच सेवा सुरू होते असं जाहीर केलं तर बँकेचं नाव होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या चौदा तासांची गरज शनिवारी संध्याकाळी पाचला दिसली. खात्यांची संख्या जुळली होती, ठेवींची एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली होती. मग एका शाखाधिकारीणबाईंनी ओळखीच्या ठेवीदाराची मुदत ठेव उघडली. ५ ऑगस्टला संपणारी ठेव पडद्यावर ८ मे दाखवत होती. पुढची ठेव २३ तारखेची, ती बरोबर. तिच्यापुढची ११ तारखेची, ती पुन्हा उलटी. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. पण महिने बाराच असल्यामुळे बाराच्या पुढची तारीख महिन्याच्या जागी बसू शकत नव्हती, म्हणून तेवढ्याच तारखा बरोबर राहिल्या होत्या. बेरजेत ही चूक दिसत नाही, कारण रक्कम एका रुपयानेही बदललेली नसते. तालमीत नमुन्याला काढलेल्या मोजक्या ठेवी नेमक्या महिन्याच्या उत्तरार्धातल्या निघाल्या होत्या. सगळ्या ठेवी दुरुस्त करून पुन्हा भरल्या, पुन्हा ताळमेळ लावला. रविवारी सकाळी दहाच्या बैठकीआधी तो जुळला, पण जोडण्यांचं काम रात्री अकरापर्यंत लांबलं. गावाला यातलं काही कळलं नाही. सोमवारी आठला दारं उघडली, कारण आम्ही आठच म्हटलं होतं.

त्या दहाच्या बैठकीबद्दलही सांगायला हवं. तिची वेळ उलटी मोजत ठरवली होती. नवीन प्रणाली जमली नाही तर जुनी पुन्हा उभी करून, तपासून, शाखांना जोडायला सहा तास लागतात हे तालमीत मोजलं होतं. ते करणारी माणसं शुक्रवारपासून जागी असतात, म्हणून त्यात आणखी वेळ धरायचा. असं करत करत रविवारी दहापाशी येतो. त्यानंतर परत फिरणं म्हणजे सोमवार हातचा घालवणं. ग्राहकाच्या नोटिशीत ही वेळ लिहायची गरज नाही. पण ज्यांच्या यंत्रणा आपल्याला जोडलेल्या आहेत, ती मोठी बँक, एटीएमची स्विच चालवणारी कंपनी, एसएमएस पाठवणारी कंपनी, त्यांना जाणाऱ्या पत्रात ती लिहावीच लागते. दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांना दोनांपैकी एक फोन जाणार असतो, आणि दोन्हींसाठी त्यांचा माणूस हजर लागतो.

परिणाम लिहिताना ‘सर्व सेवा बंद’ हे तीन शब्द सगळ्यात सोपे आणि सगळ्यात निरुपयोगी असतात. प्रत्यक्षात सगळं क्वचितच बंद असतं. एचडीएफसी बँकेने १३ जुलै २०२४ ला आपली मुख्य बँकिंग प्रणाली नवीन यंत्रणेवर नेली, त्या वेळी ग्राहकांना आधी कळवलेल्या वेळा पाहण्यासारख्या आहेत. एकूण काम पहाटे ३ ते दुपारी ४:३०, म्हणजे साडेतेरा तास. दिवस महिन्याचा दुसरा शनिवार. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकांना सुट्टी असते, म्हणून असं काम बहुधा त्याच दिवशी धरतात. पण यूपीआय सलग साडेतेरा तास बंद नव्हतं. ते पहाटे ३ ते ३:४५ आणि पुन्हा सकाळी ९:३० ते दुपारी १२:४५ असं दोन तुकड्यांत बंद होतं. कार्डाने एटीएममधून आणि दुकानातल्या मशीनवर मर्यादित रकमेपर्यंत व्यवहार करता येणार होते. आणि दिसणारी शिल्लक शुक्रवार १२ जुलैच्या संध्याकाळी साडेसातची असणार होती.

हे शेवटचं वाक्य मला त्या सूचनेत सगळ्यात मोलाचं वाटतं. मुख्य हिशेब बंद असताना एटीएम पैसे देतं, ते एका उतरवून ठेवलेल्या यादीवरून. ठरलेल्या क्षणी प्रत्येक खात्याची शिल्लक यादीत घेतात, त्या आधारावर बेताच्या रकमा देतात, आणि नवीन प्रणाली उभी राहिली की मधले व्यवहार तिच्यात चढवतात. मर्यादा असते ती यासाठीच. यादी शिळी असते आणि चूक झालीच तर ती लहान राहावी. ज्याचा पगार शुक्रवारी रात्री नऊला जमा झाला, त्याला शनिवारी तो दिसणार नाही. पैसे गेलेले नसतात, पण कुणी आधी सांगितलं नसेल तर त्याची सकाळ फार वाईट जाते. यूपीआयच्या दोन खंडांचा अर्थ मला असा लागतो की पहिला यादीवर जाताना आणि दुसरा यादीवरून नवीन प्रणालीवर येताना. आमच्याकडेही हेच दोन सांधे नाजूक ठरले होते.

आमच्या गावच्या बँकेत मात्र सर्वांत अवघड परिणाम एटीएमचा नव्हता, पिग्मीचा होता. पिग्मी एजंट सकाळी शाखेतून मशीनमध्ये खातेदारांची शिल्लक भरून घेतो, दिवसभर दुकानादुकानांतून वसुली करतो, पावती देतो आणि संध्याकाळी मशीन शाखेत आणून रिकामं करतो. शुक्रवारी संध्याकाळी मशीन उशिरा आलं, तर त्या दिवशीची वसुली ना जुन्या हिशेबात ना नव्या. पानवाल्याच्या हातात पावती असते, सोमवारच्या पासबुकात मात्र शंभर रुपये कमी. त्याच्या लेखी बँकेने पैसे खाल्ले, आणि बोलणी एजंटला बसतात. म्हणून एजंटांना वेगळा कागद दिला. शुक्रवारी मशीन दुपारी १२ च्या आत शाखेत द्यायचं. शनिवार-रविवार वसुली नाही. सोमवारी सकाळी नवीन शिल्लक भरून मिळाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.

दुसरा कागद दूध संघाला. संघ दर दहा दिवसांचं बिल एका फाइलीतून शेतकऱ्यांच्या खात्यांवर पाठवतो. दुसरा शनिवार ८ ते १४ तारखेच्या मध्ये कुठेही येतो, आणि संघाचं बिल त्याच दिवसांत पडत होतं. शिवाय नवीन प्रणालीत खाते क्रमांक लांब होणार होते. संघाच्या फाइलीत जुने नंबर, बँकेत नवे, म्हणजे फाइल तशीच परत. त्यामुळे संघाला पंधरा दिवस आधीची नोटीस पुरत नव्हती. आम्ही महिनाभर आधी कळवलं, आठवडाभर आधी जुन्या-नव्या क्रमांकांची यादी दिली आणि या वेळचं बिल गुरुवारीच पाठवायला सांगितलं.

वेळ लिहिण्यातली एक बारीक अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘शनिवारी रात्री १२ पासून’ म्हणजे नेमकं कधी? घड्याळाच्या हिशेबाने शनिवार सुरू होतो तो क्षण, आपल्या बोलण्यात मात्र शनिवार संपतो तो क्षण. मध्ये पूर्ण चोवीस तास. रिझर्व्ह बँकेने मे २०२१ मध्ये एनईएफटीच्या सुधारणेसाठी बंद जाहीर केला, तेव्हा वेळ दिली होती रविवार २३ मे, ००:०१ ते १४:००. बारानंतरच्या त्या एका मिनिटाने घोळच संपवला. शिवाय २२ मेचं कामकाज संपल्यावर हे होईल, या काळात आरटीजीएस नेहमीप्रमाणे चालू राहील, आणि सदस्य बँकांनी आपापल्या ग्राहकांना कळवावं, हेही त्यात होतं. पर्याय काय आणि पुढे कुणी कुणाला सांगायचं, दोन्ही चार ओळींत. बाहेरगावी असलेल्यांसाठी वेळेपुढे ‘भारतीय प्रमाणवेळ’ लिहिणंही गरजेचं. शनिवारी पहाटे तीन म्हणजे जुलैत न्यू जर्सीतल्या मुलासाठी शुक्रवारची संध्याकाळचे साडेपाच, आणि आईला पैसे पाठवायला तो बहुधा तेव्हाच बसतो.

शेठ निघून गेल्यावर त्याच संध्याकाळी मी नोटीस पुन्हा लिहिली. त्या वेळी उपयोग नव्हता, पण पुढच्या प्रत्येक वेळी हाच साचा वापरला:

‘बँकेची संगणक प्रणाली बदलत आहे. आपली शेवटची वेळ पाहा. चेक भरणे: गुरुवार दुपारी २. आरटीजीएस, एनईएफटी: शुक्रवार दुपारी ३:३०. रोख भरणे-काढणे: शुक्रवार दुपारी ४. यूपीआय व मोबाइल बँकिंग: शुक्रवार रात्री ९:४५. एटीएम: शुक्रवार रात्री १० नंतर प्रत्येक कार्डावर दिवसाला मर्यादित रक्कम, शिल्लक शुक्रवार रात्री ८ ची दिसेल. सर्व सेवा पुन्हा सुरू: सोमवार सकाळी ८. वेळ बदलल्यास रविवारी संध्याकाळी ५ च्या आत एसएमएस येईल व शाखेच्या दारावर सूचना लागेल. जुना खाते क्रमांक, चेकबुक, कार्ड चालू राहील. या कामासाठी बँक कोणताही ओटीपी, पिन किंवा लिंक मागत नाही. अडचण आल्यास: शाखाधिकारी यांचा मोबाइल, शनिवार-रविवार सकाळी ८ ते रात्री ८.’

यूपीआयची वेळ दहाऐवजी पावणेदहा आहे, त्याला कारण आहे. बंद होण्याच्या क्षणी अर्ध्या वाटेवर असलेले व्यवहार सर्वांत जास्त त्रास देतात. एका बाजूने पैसे वजा होतात, दुसऱ्या बाजूला जमा होत नाहीत. असे पैसे आपोआप परत आले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार यूपीआयवर एका व्यक्तीकडून दुसऱ्याकडे पाठवलेल्या रकमेसाठी ही मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत, तर एटीएमने पैसे न देता खात्यातून वजा केले तर पाच दिवस. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. पण नियम असला तरी माणूस दोन दिवस जिवाला घोर लावून बसतो. पंधरा मिनिटं आधी दार लावलं की हे व्यवहार मोकळे व्हायला वेळ मिळतो.

ओटीपीची ओळही शोभेची नाही. बंद जाहीर झाला की ठगांनाही तारीख कळते. ‘नवीन प्रणालीत खातं चालू ठेवण्यासाठी इथे क्लिक करा’ असा मेसेज त्याच शनिवारी येतो, आणि तो खरा वाटतो, कारण नवीन प्रणाली खरोखरच येत असते. कुणी फसलंच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने फोन करणं हाच मार्ग.

संपर्काच्या ओळीत मोबाइल नंबर का, तर आमचे शाखेतले फोन बँकेच्या नेटवर्कवरूनच चालायचे. प्रणाली बंद झाली की तक्रार ऐकणारा फोनही बंद, हे आम्हाला दुसऱ्या तालमीत कळलं. दुसरी गोष्ट म्हणजे उचलणाऱ्या माणसाकडे उत्तर हवं. शुक्रवारी रात्री आठच्या शिलकीची छापील यादी प्रत्येक शाखाधिकाऱ्याकडे दिली होती. ‘माझे पैसे आहेत ना?’ हाच प्रश्न दहापैकी आठ जण विचारतात. ओळख पटवून त्यांना त्या यादीतून आकडा सांगता आला.

संपर्काची ओळ किती ताण सोसेल हे शेवटी सोमवारीच कळतं. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या मालक बँकेच्या प्रणालीवरून नव्या मालकाच्या प्रणालीवर नेली. बंद रीतसर जाहीर झाला होता, शुक्रवार २० एप्रिल दुपारी ४ ते रविवार २२ एप्रिल संध्याकाळी ६. माहिती नव्या जागी नीट पोचली, सेवा उघडली, आणि नवीन यंत्रणेला गर्दी पेलवली नाही. सुमारे १९ लाख लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांची खाती दिसली. शाखा, फोन, ऑनलाइन, सगळीकडे एकदमच अडचण, म्हणून विचारायलाही जागा उरली नाही. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकारी पॉल पेस्टर सप्टेंबरमध्ये पायउतार झाले, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

म्हणून बंद सुरू होण्याआधीच आम्ही आणखी तीन मेसेज लिहून ठेवत असू. काम झालं तर एक, वेळ वाढली तर एक, आणि जुन्या प्रणालीवरच परत यावं लागलं तर एक. मध्यरात्री, डोळे मिटत असताना, सरळ वाक्य सुचत नाही. तिसऱ्या मेसेजमध्ये खेद व्यक्त करण्याआधी एक गोष्ट लिहिलेली असायची: शुक्रवारनंतर एटीएममधून काढलेले पैसे जुन्या हिशेबात कधी चढतील.

आणि खातेदारांना माझी एक विनंती असे, ती मी नोटिशीच्या तळाशी ठळक अक्षरांत छापून घ्यायचो. शुक्रवारी पासबुक भरून घ्या. सोमवारी पहिली नोंद तिच्याशी ताडून पाहा, आणि मुदत ठेव असेल तर पावतीवरची शेवटची तारीखही पाहा, विशेषतः ती महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली असेल तर.